मंजुरीपत्र आलं, आणि मग घराला तिसरी मालकीण निघाली

गृहकर्जाचं मंजुरीपत्र हातात आलं की घर झालंच, असं आपल्याकडे लोक धरून चालतात. पेढे वाटले जातात, घरमालकाला फोन जातो, कुणी तर पडद्यांची मापंही घेऊन येतं. त्या पत्रातच कुठंतरी बारीक अक्षरांत एक अट असते: मालमत्तेचे कायदेशीर व तांत्रिक अहवाल समाधानकारक आल्यासच रक्कम अदा केली जाईल. पत्र तुमच्या पगाराकडं आणि रिटर्नकडं बघून निघालेलं असतं. घराकडं बँकेनं अजून बघितलेलंच नसतं.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप चालवतो. फौंड्रीवाल्यांची कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून परत देतो. बायको अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. आम्ही बघितलेलं घर ई वॉर्डातलं, ऐंशीच्या दशकातल्या लेआऊटमधलं. दीड गुंठ्याच्या आतबाहेरचा प्लॉट, त्यावर जुनं बैठं घर आणि वर नंतर चढवलेली एक खोली. सौदा ६२ लाखांना ठरला. विकणारे दोघे भाऊ. थोरले कोल्हापुरातच, धाकटे पुण्याला नोकरीला. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं.

त्याआधी नदीच्या अंगाला एक घर बघितलं होतं, किंमत बरीच कमी होती. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी पहिला प्रश्न टाकला, "२०१९ ला पाणी कुठंपर्यंत आलं होतं?" २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कोल्हापुरात व्हॅल्युअर पूररेषा विचारल्याशिवाय पुढं जात नाहीत. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला काढला की जागा पूररेषेच्या आत आहे का ते कळतं. ते घर आत निघालं. तो विषय तिथंच संपला.

ई वॉर्डातल्या घराचं संचकारपत्र, म्हणजे विसाराचा करार, केला तेव्हा आमच्या वकिलांनी एक कलम आग्रहानं घातलं: बँकेचा कायदेशीर अहवाल प्रतिकूल आला किंवा मागितलेली कागदपत्रं विकणाऱ्यांना मुदतीत देता आली नाहीत, तर संचकाराची रक्कम बिनव्याजी परत. थोरल्या भावांना ते आवडलं नाही. "आमच्या घरावर शंका घेता काय?" म्हणाले. पण सही केली. हे कलम छापील नमुन्यात सहसा नसतं, सांगून घालून घ्यावं लागतं.

आता उत्पन्नाचं. बायकोच्या बाजूला काही अवघड नव्हतं. पगारपत्रकं, दोन वर्षांचे फॉर्म १६, पगार जमा होतो त्या खात्याचा उतारा आणि शाळेचा नोकरीचा दाखला. एकूण पगार ६६ हजार. व्यवसाय कर, पेन्शन कपात, आयकर जाऊन ५८ हजार उरतात. पण हातात येतात ५१. कर्ज विभागातल्या मॅडमनी पगारपत्रकाच्या कपातीच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. "हे सात हजार कसले?"

ते शिक्षकांच्या पतसंस्थेचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या लग्नाला काढलेलं कर्ज, हप्ता परस्पर पगारातून कापला जातो. आमच्याकडं पतसंस्थेचं कर्ज नसलेला शिक्षक शोधावा लागेल. सिबिलच्या अहवालात अशी कर्जं बहुतेक वेळा दिसत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की बँकेला ती कळणार नाहीत. पगारपत्रकावर ती छापलेलीच असतात.

माझं जरा लांबलं. मी ४४एडी खाली रिटर्न भरतो, म्हणजे संपूर्ण हिशेब पुस्तकं न दाखवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्याइतका तरी नफा दाखवायचा. पैसे बँकेतून येत असतील तर किमान ६ टक्के. शेवटच्या वर्षी उलाढाल ३८ लाख होती आणि मी ९ टक्क्यांनी ३ लाख ४२ हजार नफा दाखवला होता. उद्यमनगरात आम्ही सगळे साधारण असंच करतो, कारण नफा कमी दाखवला की कर कमी. कर्ज मागायला गेलं की तोच आकडा समोर येतो. प्रत्यक्षात घरात किती येतं हे मॅडमना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी मी महिन्याला २८,५०० कमावणारा माणूस होतो. तरी ६ टक्क्यांवर थांबलो नव्हतो म्हणून एवढे तरी धरले.

त्यांनी रिटर्न नुसते घेतले नाहीत, तपासले. दोन्ही वर्षांचे रिटर्न कोणत्या तारखेला भरले ते बघितलं. कर्जाच्या अर्जाआधी आठवडाभरात दोन-तीन वर्षांचे रिटर्न एकदम भरले असतील तर आकडा कर्जासाठी फुगवलाय असा संशय येतो. मग फॉर्म २६एएस उघडला. फौंड्रीवाले आमच्या बिलातून टीडीएस कापतात, तो तिथं दिसतो, आणि त्यावरून कोणी किती काम दिलं याचा अंदाज येतो. जीएसटीच्या विवरणपत्रांमधली उलाढाल रिटर्नशी जुळवली. आणि चालू खात्याच्या उताऱ्यावर अडल्या. खात्यात वर्षभराची जमा होती ४२ लाखांच्या आसपास, उलाढाल दाखवली ३८. "वरचे चार लाख कुठले?" वरचे म्हणजे बिलावर वसूल केलेला जीएसटी. तो माझ्या खात्यात येतो आणि पुढं सरकारला जातो, माझी कमाई नव्हे. सीएनं एका पानाचं जुळणीपत्रक करून दिलं आणि प्रश्न मिटला. हे पान अर्जासोबतच लावलं तर चार दिवस वाचतात, कारण हा प्रश्न जीएसटीवाल्या प्रत्येक धंदेवाल्याला येतोच.

त्याच आठवड्यात एक पोरगा शॉपवर येऊन गेला. बोर्डाचा फोटो काढला, मशीन किती, माणसं किती हे लिहून घेतलं. मी त्या वेळी हातकणंगल्याला होतो. आमच्या शेजारच्या चहावाल्यानं नंतर सांगितलं, "भावा, एकजण इचारत होता, हे शॉप किती वर्सं हाय, मालक रोज येतोय का म्हणून." बँका हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात, आणि शेजारपाजारची चौकशी त्यात धरलेलीच असते.

आता हिशेब. बायकोचे ५८ हजार, माझे साडेअठ्ठावीस, मिळून ८६,५००. या बँकेनं आमच्या उत्पन्नाला सगळ्या हप्त्यांसाठी निम्म्याची मर्यादा लावली, म्हणजे ४३,२५०. त्यातून पतसंस्थेचे ७ हजार वजा, उरले ३६,२५०. साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांना लाखामागं ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज पावणेबेचाळीस लाख. मॅडमनी विचारलं, पतसंस्थेची बाकी किती? एक लाख दहा हजार. "ती फेडा आणि बेबाकीचा दाखला आणा." फेडली. मर्यादा लगेच जवळपास ५० लाखांवर गेली. एक लाख दहा हजारांनी आठ लाखांची वाट मोकळी केली. संपत आलेलं छोटं कर्ज हप्त्यामुळं किती जागा अडवून बसतं, हे कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

मंजुरीपत्र निघालं. फाईल बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांकडं गेली. खरी गोष्ट इथून सुरू होते.

थोरल्या भावांनी दिलेला संच वरवर बघता भक्कम होता. वडिलांच्या नावचं १९८७ चं नोंदणीकृत खरेदीखत, अस्सल. बिगरशेती आदेश, मंजूर लेआऊट, महापालिकेचा बांधकाम परवाना आणि १९८९ चा पूर्णत्वाचा दाखला. इतक्या जुन्या घराला पूर्णत्वाचा दाखला असणं ही चैनच म्हणायची. नगर भूमापनची मिळकत पत्रिका दोघा भावांच्या नावची, आणि घरफाळ्याच्या पावत्या चालू वर्षापर्यंत. "घरफाळा आमच्याच नावानं येतोय, अजून काय पायजे?" असं ते पुनःपुन्हा सांगत होते. घरफाळ्यावरच्या नावानं कर कोण भरतो एवढंच कळतं.

वकीलसाहेब वयस्क, वाचायचा चष्मा नाकाच्या टोकाला. त्यांनी मिळकत पत्रिका टेबलावर पसरली आणि खालून वर वाचायला लागले, शेवटच्या नोंदीपासून पहिल्या नोंदीकडं. २०१८: आईचं नाव कमी, मयत. २०११: वडील मयत, वारस म्हणून आई आणि दोन मुलगे. या नोंदीत पुढं एक शब्द होता, 'हक्कसोड'. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"कुणी सोडला हक्क?"

मी गप्प. मला काय माहीत!

"हक्कसोडपत्र नोंदवलेलं असतं तर इथं दस्त नंबर आणि तारीख आली असती. बघा, वरच्या खरेदीच्या नोंदीत आहे. इथं काहीच नाही. आणि हक्क सोडणारं माणूस म्हणजे वारस असलेलं माणूस. पत्रिकेवर तीन नावं आहेत, म्हणजे वारस किमान चार."

त्यांनी भूमापन कार्यालयातून त्या फेरफाराच्या मूळ अर्जाच्या नकला मागवायला सांगितल्या. त्या यायला वेळ गेला. आल्या त्यात शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला एक कागद होता. 'मी माझ्या वडिलांच्या मिळकतीतील माझा हक्क राजीखुशीने माझ्या भावांच्या लाभात सोडून देत आहे.' खाली बहिणीची सही.

कायद्यानं गणित असं बसतं. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा. पुढं आई गेली, तिचा चौथा हिस्सा तिघा मुलांत समान. म्हणजे आज तिघांचाही एक तृतीयांश. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून त्यात फरक पडत नाही. आणि स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे तो दस्त नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्यानं हक्क हलत नाही. पत्रिकेवरून नाव गेलं तरी मालकी जात नाही, कारण फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. ६२ लाखांच्या सौद्यात २० लाखांवरचा हिस्सा ज्या बाईंचा होता, त्यांचं नाव संचकारपत्रात कुठंच नव्हतं.

मी थोरल्या भावांना फोन केला. चिडले. "आक्कानं कधीच लिहून दिलंय. चौदा वर्षं झाली. तिला काय घेणंदेणं नाही." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हे मी सांगेन. त्यांना खरोखरच वाटत होतं की तो कागद पुरेसा आहे. कोल्हापुरात, किंबहुना कुठंही, अशा नोटरीच्या हक्कसोडी घराघरांत फायलीला लावून ठेवलेल्या असतील. विक्री निघेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही.

वकीलसाहेबांनी दोन मार्ग दिले. एक, बहिणीनं आता भावांच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि मग दोघा भावांनी आम्हाला विकायचं. दुसरा, तिघांनी मिळून लिहून देणार म्हणून खरेदीखतावर सह्या करायच्या. नुसती 'संमती देणार' म्हणून बहिणीची सही चालेल का, असं भावांनी विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, "जिचा हिस्सा आहे तिनं विकायला पाहिजे. संमती देऊन हिस्सा हस्तांतरित होतो की नाही यावर उद्या कोर्टात वाद घालत बसायला बँकेला सवड नाही."

आक्का गडहिंग्लजला असतात. मीच थोरल्यांबरोबर गेलो, कारण मला अंदाज येत नव्हता की हे जुळणार की फिसकटणार. त्यांनी चहा दिला, कागद वाचला, सही स्वतःची असल्याचं मान्य केलं. मग भावाकडं बघून म्हणाल्या, "दादा, आईच्या दिवसांतच मला हा कागद पुढं केला होतास का बाबांच्या?" बाबांच्या, हे दादांनी मान खाली घालून सांगितलं. "सही करायला मी नाही म्हणत नाही. पण या वेळी वाचून करणार."

पुढं भावंडांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि तो माझा विषयही नव्हता. काही दिवसांनी निरोप आला की तिघं मिळून लिहून देणार आणि पैसे तिघांच्या नावे समान द्यायचे. बँकेच्या दृष्टीनं हा मार्ग सरळ ठरला, कारण दस्तात ज्याचा जेवढा हिस्सा लिहिलाय तेवढीच रक्कम त्याच्या खात्यावर जाते. संचकारपत्राला पुरवणी करार जोडून आक्कांचं नाव घेतलं. वकीलसाहेबांनी 'पुढारी'त जाहीर नोटीसही द्यायला लावली, आणखी कुणी हक्क सांगणारं असेल तर समोर यावं म्हणून. कुणी आलं नाही.

एवढ्यावर अहवाल पूर्ण होईल असं वाटलं होतं. पण शोध अहवालाचा दुसरा भाग अजून बाकी होता: दुय्यम निबंधकांकडच्या इंडेक्स दोनची, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीची, तपासणी. वकील साधारण मागच्या तीस वर्षांच्या नोंदी बघतात. या आकड्यामागं कारण आहे. मुदत कायद्याप्रमाणे गहाण मिळकत सोडवून घेण्याचा दावा तीस वर्षांपर्यंत लावता येतो, म्हणून तेवढा काळ तरी स्वच्छ दिसावा लागतो. आमच्या वकीलसाहेबांची पद्धत मात्र मूळ खरेदीखतापर्यंत मागं जायची.

इथं एक बारकावा आहे आणि तो जुन्या लेआऊटमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. आजच्या मिळकत पत्रिकेवर सिटी सर्व्हे नंबर आहे. १९८७ च्या खरेदीखतात तो नंबरच नाही, कारण तेव्हा तिथं रि.स.नं., म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, आणि प्लॉट नंबर चालायचा. थोरल्या भावांनी एका एजंटाकडून आधीच ऑनलाईन शोध घेऊन 'काही बोजा नाही' असं बघून ठेवलं होतं. तो शोध फक्त सिटी सर्व्हे नंबरावर आणि संगणकीकरणानंतरच्या वर्षांचा होता. वकीलसाहेबांच्या कारकुनानं करवीरच्या निबंधक कार्यालयात जुनी हस्तलिखित पुस्तकं रि.स.नं. आणि प्लॉट नंबर या खुणांनी चाळली. आणि १९८९ ची एक ओळ सापडली: घर बांधण्यासाठी एका सहकारी बँकेकडं लिहून दिलेलं नोंदणीकृत गहाणखत.

कर्ज तर कधीच फिटलं होतं. भावांकडं १९९९ ची शेवटच्या हप्त्याची पावती होती, जपून ठेवलेली. पण गहाण फेडल्याचा दस्त नोंदवलेलाच नव्हता. म्हणजे कागदोपत्री घर अजून त्या बँकेकडं गहाण. मी म्हटलं, "साहेब, इतकी वर्षं झाली, त्या बँकेला आता दावा तरी लावता येईल का?"

"नाही येणार, मुदत गेली. पण मला अहवालात लिहायचंय की मिळकत बोजारहित आहे. मुदत गेलेला बोजा आहे असं नाही."

ती बँक दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. तिचं जुनं रेकॉर्ड कुठल्या गोदामात आहे हे शोधण्यातच बराच काळ गेला. पावतीवर खाते क्रमांक होता म्हणून ते सापडलं, नाहीतर बसलोच असतो. नव्या बँकेच्या अधिकाऱ्यानं निबंधकांपुढं येऊन गहाण सुटल्याचा दस्त नोंदवून दिला. जुनी पावती टाकून द्यायची नसते हे आजी सांगायची, त्याला असा अर्थ असेल असं वाटलं नव्हतं.

दरम्यान तांत्रिक तपासणी होऊन गेली. व्हॅल्युअर इंजिनिअर एका हातात खरेदीखताची झेरॉक्स आणि दुसऱ्या हातात लेसरचं मोजयंत्र घेऊन आला. आधी अंगणात उभं राहून चतुःसीमा वाचल्या. पूर्वेस लेआऊटमधील रस्ता, दक्षिणेस अमुक प्लॉट, असं करत प्रत्येक दिशेला वळून खात्री केली. दाखवलेलं घर आणि कागदावरचं घर एकच आहे ना, हे बघायची ही साधी रीत. मग मंजूर नकाशा उघडला आणि जिन्यावर थांबला. "वरची खोली नकाशात नाही."

नव्हतीच. थोरल्यांच्या लग्नाच्या वेळी बांधलेली, परवानगी न घेता. त्यासाठी कर्ज नाकारलं गेलं नाही, पण त्या खोलीचं मूल्य शून्य धरलं. मूल्यांकन आलं ५७ लाख. सौदा ६२ चा. बँक दोन्हींतला कमी आकडा धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांवरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ५७ चे ८० टक्के म्हणजे ४५ लाख ६० हजार. उत्पन्नावर जवळपास ५० लाख बसत होते, पण घरावर एवढेच बसले. दोन्हींतला लहान आकडा तोच आपला.

उरलेले १६ लाख ४० हजार खिशातले. शिवाय मुद्रांक शुल्क. आमच्याकडं महापालिका हद्दीत ५ टक्के आणि वर १ टक्का अधिभार, म्हणजे ६२ लाखांवर ३ लाख ७२ हजार. नोंदणी फी ३० हजार. एवढ्या रकमेच्या घराला हा खर्च मूल्यात धरून कर्ज मिळत नाही. साडेवीस लाखांच्या घरात रोख तयारी लागली. लोक २० टक्के जमवतात आणि इथं येऊन अडकतात, कारण मूल्यांकन सौद्यापेक्षा खाली येईल आणि शुल्क वेगळं लागेल हे दोन्ही एकदम लक्षात घेतलेलं नसतं. वरच्या खोलीवरून मी भावांकडं किमतीची घासाघीस केली. एक पैसा सुटला नाही.

सौदा ५० लाखांच्या वर असल्यामुळं विकणाऱ्यांच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी आमची होती. विकणारे तीन, घेणारे आम्ही दोघं, त्यामुळं प्रत्येक जोडीचं वेगळं चलन झालं. सीएनं ते एका बैठकीत उरकलं, पण आक्कांचं पॅन आधारशी जोडलेलं नव्हतं. तसं असेल तर कपातीचा दर एकदम २० टक्क्यांवर जातो. ते जोडून घेईपर्यंत थांबलो.

नोंदणीच्या दिवशी पाचही जण करवीरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात. बँकेचा माणूस धनाकर्ष घेऊन बाकावर बसलेला, अंगठे आणि फोटो झाल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही असा त्याला हुकूम. आक्कांनी खरेदीखत खरंच पहिल्या पानापासून वाचलं. मागच्या रांगेतला कुणीतरी कुरकुरला, तरी त्यांनी परिशिष्टसुद्धा सोडलं नाही. अंगठा पहिल्यांदा उमटला नाही, हाताला तेल लावून पुन्हा घेतला. मग तीन धनाकर्ष तीन हातांत गेले.

त्यानंतर कर्जाच्या बाजूची दोन कामं असतात, ती ग्राहकाला सहसा कुणी समजावून सांगत नाही. अस्सल दस्त बँकेकडं ठेवून आपण घर गहाण टाकतो, त्याची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, तीस दिवसांत निबंधकांकडं दाखल करावी लागते. ती इंडेक्स दोनमध्ये उमटते, त्यामुळं पुढं कुणी आमच्या घराचा शोध घेतला तर आमचं कर्ज त्याला दिसणार. आणि बँक सरसाय या केंद्रीय नोंदणीतही गहाण चढवते, एकाच घरावर दोन ठिकाणी कर्ज निघू नये म्हणून. मिळकत पत्रिकेवर आमची नावं लावणं आणि घरफाळ्यावर नाव बदलणं ही कामं आमची आम्हीच केली.

बँकेत दस्त जमा करताना मॅडमनी यादी दिली: १९८७ चं अस्सल खरेदीखत, गहाण सुटल्याचा दस्त, आमचं खरेदीखत, पूर्णत्वाचा दाखला, प्रत्येकाचा दस्त क्रमांक आणि पानांची संख्या. मी ती पानं त्यांच्यासमोर मोजली आणि यादीवर शिक्का व तारीख घेतली. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत हे सगळे कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही काढून द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये बँकांना बजावलंय. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. यादीची एक झेरॉक्स शॉपच्या कपाटात आहे, एक घरी. आणि कर्ज फिटलं की इंडेक्स दोनला त्याची नोंद उमटली का, हे निबंधक कार्यालयात जाऊन बघायचं काम मुलाच्या नावानं लिहून ठेवलंय. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा असेल.